‘वारे वरुरा’ची उकल

आत्याचा फोन सकाळी साडेसातला आला. “अरे, ते शंकराभरणममधलं गाणं आठवतंय का तुला? ‘ब्रोचे वारे वरुरा’ असं काहीतरी. त्यागराजांचंच असणार ना?” के. विश्वनाथांचा तो तेलुगू चित्रपट 1980 सालचा. आत्याने तो तेव्हा माटुंग्याच्या शेजाऱ्यांबरोबर पाहिला होता. भाषा कळली नव्हती, पण गाणं मनात राहिलं. आता त्याची पूर्ण ओळ, राग आणि रचनाकार असं सगळंच तिला हवं होतं.

पहिली अडचण त्या ‘वारे’त होती. मराठी कानाला परक्या भाषेत ओळखीचा शब्द सापडला की तो तिथेच शब्द तोडून मोकळा होतो. मूळ शब्द आहेत ‘ब्रोचेवारु’, म्हणजे रक्षण करणारे, आणि ‘एवरु’, म्हणजे कोण. तेलुगूत दोन स्वर शेजारी आले की पहिला गळतो. त्यामुळे गाताना ‘ब्रोचेवारेवरु’ असं सलग ऐकू येतं आणि मधोमध आपले वारे वाहू लागतात. शेवटचा ‘रा’ हा आपला ‘रे’: जवळिकीने हाक मारायचा. रक्षण करणारा कोण आहे रे, असा एकूण अर्थ. म्हणून अक्षरं आठवली की ती आधी शब्दांत न बसवता, ऐकली तशीच सलग लिहून काढावीत. तोडायचं काम भाषा ठरल्यावर.

भाषा ओळखायला शब्दकोश लागत नाही, शब्दांची शेपटं पुरतात. ‘मु’, ‘डु’, ‘लु’ अशी उकारान्त शेपटं, ‘ना’ म्हणजे माझा, ‘नी’ म्हणजे तुझा, आणि वाक्याच्या टोकाला हाकेचा ‘रा’ असला की ती बहुधा तेलुगू. ‘अम्’ आणि ‘आम्’ची रांग लागून मध्येच ‘भजे’ किंवा ‘पाहि’ आलं तर संस्कृत. ‘उन्नै’, ‘एन्नै’ असे ‘ऐ’कारान्त शब्द कानावर आले तर तमिळ.

आत्याचं गाणं तेलुगू, आणि तिच्या आठवणीत ‘रघुवरा’ही होतं. तेलुगू आणि राम म्हटलं की कोणीही त्यागराजांचं नाव घेईल, कारण त्यांच्या बहुतेक कृती तेलुगूत आणि रामावरच आहेत. पण इथेच फसायला होतं. दक्षिणेत तेलुगू ही केवळ आंध्राची भाषा नव्हती. तंजावरात नायकांच्या काळी आणि पुढे भोसल्यांच्या काळीही गाण्याची भाषा म्हणून तिचाच मान होता. त्यामुळे तमिळ किंवा कन्नड मुलखातला रचनाकारही सहज तेलुगूत लिही. भाषेवरून शोधाची गल्ली कळते, घर कळत नाही.

घराची पाटी म्हणजे मुद्रा. आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं तशी कृतीत रचनाकाराची खूण येते, बहुतेक वेळा चरणात, म्हणजे तिसऱ्या भागात. त्यागराजांची खूण त्यांचं स्वतःचं नाव. मुत्तुस्वामी दीक्षितांची ‘गुरुगुह’, श्यामा शास्त्रींची ‘श्यामकृष्ण’. लोकांना आठवते ती पल्लवी, कारण ती फिरफिरून येते. मुद्रा मात्र सगळ्यात शेवटी, ऐकणारा सैलावलेला असताना येऊन जाते.

मी आत्याला विचारलं, “अजून काय आठवतंय? सुरुवातीचं नको, मधलं.”

ती गुणगुणली. “ओ चतुरा... असं काहीतरी. कोणीतरी चतुर आहे त्यात. कदाचित गाण्याची सुरुवातच ती असेल.”

तो चतुर नव्हे, चतुरानन, म्हणजे ब्रह्मदेव. पण या तुकड्याने मोठंच काम केलं. दक्षिणी पद्यरचनेत ओळींचं दुसरं अक्षर जुळवतात, त्याला प्रास म्हणतात. आपलं यमक शेवटी, त्यांचं ओळीच्या तोंडाशी. ‘ब्रोचे’मध्ये दुसरं अक्षर ‘च’चं, ‘ओ चतु’मध्येही ‘च’चं. दोन्ही तुकडे एकाच गाण्याचे असावेत याला हा आधार मिळाला. मग सुरुवात कोणती? ती आत्याच्या आठवणीतच होती: कडव्यानंतर पुन्हा पुन्हा परतून येतं ते ‘ब्रोचे’. म्हणजे ती पल्लवी आणि ‘ओ चतु’ ही अनुपल्लवी. हे कळणं महत्त्वाचं, कारण कृतींच्या सूचीत नोंद पल्लवीच्या पहिल्या शब्दाने असते. ‘ओ’खाली शोधलं असतं तर हाती काही लागलं नसतं.

आता सूची. रोमन लिपीत हे नाव कोणी Brochevarevarura लिहितं, कोणी दीर्घ स्वरांना मोठी अक्षरं देऊन brOcEvArevarurA. तमिळ वळणाने लिहिणारे ‘त’साठी th वापरतात. तमिळ लिपीत तर क-ग, त-द, प-ब यांना एकच अक्षर. त्यामुळे पहिल्या खेपेला न सापडल्यास ‘च’साठी c आणि ch, ‘त’साठी t आणि th असं उलटसुलट करून पाहायचं.

सापडलं. राग खमास, ताल आदि. आत्या गाणं गुणगुणताना मला खमाजची आठवण येत होती, ती उगीच नव्हे. खमास हा त्याचाच दक्षिणेतला नातलग. सूचीतला राग आणि कानातला सूर जुळतो का, ही पडताळणी करावीच, कारण एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या कृती बऱ्याच असतात.

आणि चरणात होतं ‘वासुदेवुडे’. वर-वर वाचलं तर हे देवाचंच नाव, ‘तो वासुदेव तूच ना’ अशा अर्थाने ओळीत चपखल बसलेलं. मुद्रा अशीच दडते. ही खूण म्हैसूरच्या दरबारातले विद्वान वासुदेवाचार्य (1865–1961) यांची. त्यांचे गुरू पट्टणम सुब्रह्मण्य अय्यर, त्यांचे गुरू मानंबुचावडी वेंकटसुब्बय्या, आणि ते त्यागराजांचे शिष्य. त्यागराजांचा भास व्हावा यात आत्याच्या कानाचा दोष नव्हता, पिढीजात वळणच ते. फक्त माणूस चौथ्या पिढीतला आणि कानडी मुलखातला.

मुद्रा दिसली म्हणून प्रश्न नेहमी मिटतोच असं नाही. ‘त्यागराज योग वैभवम्’ घ्या. पल्लवीतच त्यागराज, म्हणून ती त्यागराजांची म्हणावी तर चूक. भाषा निखळ संस्कृत आहे, आणि पल्लवीतला शब्दसमूह पुढून कातरत कातरत शेवटी एका अक्षरावर येतो, असा खेळ दीक्षितांचा. इथला त्यागराज म्हणजे तिरुवारूरचा शिव. याच गावात दोघे रचनाकार जन्मले. पुढे ‘गुरुगुह’ येतं तेव्हा खात्री पटते. नाव देवाचं की रचनाकाराचं, हे वाक्यातल्या जागेवरून पाहावं लागतं.

मराठी माणसाला दुसरा चकवा ‘विठ्ठल’ देतो. कर्नाटक मैफलीच्या शेवटी हल्ली अभंगही गातात, त्यामुळे विठ्ठल ऐकला की आपण लगेच टाळ शोधतो. पण ‘पुरंदर विठ्ठल’ ही पुरंदरदासांची मुद्रा, भाषा कन्नड. विजय विठ्ठल म्हणजे विजयदास, गोपाल विठ्ठल म्हणजे गोपालदास. विठ्ठलाच्या आधीचा शब्द ऐकला नाही तर रचनाकार निसटतो.

आत्याला सगळं सांगितलं. वासुदेवाचार्य हे नाव तिने वहीत लिहून घेतलं, शब्द नीट तोडून दोनदा म्हणून दाखवले. संध्याकाळी तिच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता: “वारे वरुरा...”