मराठी वाक्य बोलताना कुठे तुटते?

‘मी काल आणलेली मिठाई खाल्ली’ हे वाक्य कागदावर एकच दिसते, पण त्याचे अर्थ तीन होतात. मिठाई काल आणली होती आणि ती मी खाल्ली, हा पहिला अर्थ. मिठाई आधीच आणून ठेवलेली होती आणि मी ती काल खाल्ली, हा दुसरा. तिसऱ्या अर्थात मिठाई आणणारा मी असतो आणि खाणारे पाहुणे असतात, फक्त त्यांचा उल्लेख गाळलेला असतो. ‘पाहुण्यांनी काय केलं?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून हेच वाक्य येऊ शकते. बोलताना मात्र ऐकणाऱ्याचा सहसा गोंधळ होत नाही. पहिल्या अर्थी आवाज ‘मी’नंतर किंचित तुटतो, दुसऱ्या अर्थी ‘काल’नंतर, तर तिसऱ्या अर्थी ‘मी काल आणलेली’ हे शब्द एका दमात येतात. वाक्याची व्याकरणिक रचना आणि बोलण्यातले तुकडे यांचे नाते या एका वाक्यातून तपासता येते.

आवाज ‘तुटतो’ म्हणजे प्रत्येक वेळी शांतता पसरते असे नाही. तुकडा संपत आला की त्याचे शेवटचे अक्षर लांबते. त्याच ठिकाणी सूर ठळकपणे चढतो किंवा उतरतो. एका तुकड्याच्या आत सूर हळूहळू खाली सरकत असतो, तो नव्या तुकड्याच्या सुरुवातीला पुन्हा वर उचलला जातो. या खुणांबरोबर कधी विराम येतो, कधी येत नाही.

हे तुकडे एकात एक बसलेले असतात. सर्वांत लहान तुकडा म्हणजे शब्द आणि त्याला चिकटलेले ‘च’, ‘ही’, ‘तर’ यांसारखे अव्यय. असे एक-दोन शब्द मिळून उच्चारगट होतो आणि काही उच्चारगट मिळून सुरावलीचा एक पूर्ण खंड होतो. मरिना नेस्पोर आणि आयरीन व्होगेल यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या उतरंडीची सविस्तर मांडणी केली. पुढे एलिझाबेथ सेल्कर्क यांनी तिचा व्याकरणाशी थेट मेळ घातला. त्यांच्या मते शब्दाला ध्वनिशब्द, पदबंधाला उच्चारगट आणि उपवाक्याला सुरावलीचा खंड जुळतो. ‘जो मुलगा काल आला होता, तो माझा भाचा’ या वाक्यात ‘होता’वर सूर चढून थांबतो आणि ‘तो’पासून नवा खंड सुरू होतो. इथे उपवाक्याची सीमा आणि सुराची सीमा एकाच जागी पडतात.

हा मेळ नेहमीच बसत नाही, आणि त्याचे पहिले कारण लांबी. ‘आमच्या शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी’ हा कर्ता स्वतंत्र गट म्हणून सहज उभा राहतो. ‘मी’ हाही व्याकरणाने कर्ताच, पण एका अक्षराचा गट आवाजाला पेलत नाही आणि तो पुढच्या शब्दाला टेकतो. मिठाईच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्थात ‘मी काल’ हा गट असाच तयार होतो. कर्ता आणि क्रियाविशेषण मिळून व्याकरणात एक पदबंध होत नाही, पण दोन्ही शब्द आखूड असल्याने उच्चारात ते एकत्र येतात.

दुसरे उदाहरण ‘की’चे. ‘त्याने सांगितलं, की उद्या सुट्टी आहे’ असे लिहिताना स्वल्पविराम ‘की’च्या आधी येतो आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर असते, कारण ‘की’ पुढच्या उपवाक्याची सुरुवात करते. बोलताना मात्र ‘सांगितलं की’ एकत्र उच्चारले जाते आणि थांबणे होते ते ‘की’नंतर. आघात नसलेला हा लहान शब्द स्वतःच्या उपवाक्याला सोडून मागच्या क्रियापदाला चिकटतो.

शब्दक्रम बदलला की काय होते, हे ‘आईने सुमनला साडी दिली’ या वाक्यात पाहता येते. सहज सांगताना ‘आईने’ आणि ‘सुमनला’ या प्रत्येक शब्दावर सूर खालून वर जातो, ‘साडी दिली’ हा एक गट होतो आणि शेवटी सूर उतरतो. प्रत्येक गटावर असा चढ असणे हे हिंदी आणि बंगालीतही आढळते. ब्रूस हेज आणि अदिती लाहिरी यांनी 1991 साली बंगालीच्या सुरावलीचे केलेले विश्लेषण या विषयातले पायाभूत काम मानले जाते.

आता ‘साडी’ पुढे आणली तर ‘साडी – आईने सुमनला दिली’ असे वाक्य होते. साडीचा विषय आधीच निघालेला असल्याने तिच्यावर सूर चढतो आणि तिच्यानंतर सीमा पडते. ‘साडी तर’ म्हटल्यास ही सीमा अधिक स्पष्ट होते. ‘सुमनला साडी आईने दिली’ या क्रमात क्रियापदाच्या लगेच आधीची जागा ‘आईने’ला मिळते. मराठीत नवी किंवा महत्त्वाची माहिती बहुधा याच जागी येते, म्हणून सर्वांत ठळक चढ तिथे असतो. ‘दिली आईने सुमनला साडी’ असे म्हटले, तर क्रियापदामागचे तिन्ही शब्द खालच्या, जवळजवळ सपाट सुरात उरकले जातात. त्यांना स्वतंत्र चढ मिळत नाही, पण ते वेगळ्या खंडात जातात असेही नाही. ते क्रियापदाच्याच खंडाचे शेपूट होतात.

क्रम न हलवता केवळ सुरानेही हे साधते. ‘आईने’वर जोर देऊन मूळ क्रमातच वाक्य म्हटले, तर पुढच्या ‘सुमनला’ आणि ‘साडी’ यांचे चढ दबतात. हिंदीवर उमेश पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच आढळले. कर्ता आधी असो वा कर्म, जोर दिलेल्या शब्दानंतर सुराची व्याप्ती आखडते. या दबलेल्या भागात उच्चारगटांच्या सीमा ऐकू येणे अवघड जाते, मात्र वाक्याची व्याकरणिक रचना तशीच राहते.

यामुळे ध्वनिमुद्रणावर सीमा शोधताना चूक होऊ शकते. ‘प्राट’ या संगणकप्रणालीत सुराची रेघ पडद्यावर दिसते, पण ‘त’, ‘ट’, ‘प’ उच्चारताना तोंड क्षणभर बंद होते आणि रेघ तुटते. ती तूट सीमा नसते. आधीचे अक्षर लांबलेले आहे का आणि पुढे सूर पुन्हा वर उचलला आहे का, हे दोन्ही पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. वेग वाढला की दोन गट एकत्र होतात, त्यामुळे एकाच माणसाचे तेच वाक्य दोनदा मोजले तर सीमा वेगवेगळ्या पडू शकतात.

मिठाईचे वाक्य घाईत म्हटले तर ‘मी’नंतरची नाजूक सीमा पुसली जाते आणि पहिला अर्थ तिसऱ्यात मिसळतो. अशा वेळी मराठी बोलणाऱ्याकडे दुसरा मार्ग असतो. ‘काल आणलेली मिठाई मी खाल्ली’, ‘आणलेली मिठाई मी काल खाल्ली’ आणि ‘मी काल आणलेली मिठाई पाहुण्यांनी खाल्ली’ ही वाक्ये कोणत्याही वेगाने म्हटली तरी गोंधळ होत नाही. पहिल्या दोन वाक्यांत हे काम केवळ शब्दांची जागा बदलून होते, तिसऱ्यात मात्र गाळलेला कर्ता परत आणावा लागतो.