कादंबरी कोणाच्या डोळ्यांनी पाहते?

२९ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसच्या न्यायालयात एका कादंबरीवर खटला उभा राहिला. कादंबरी होती गुस्ताव फ्लोबेर यांची ‘मादाम बोव्हारी’. आदल्या वर्षी ती एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. धर्म आणि सार्वजनिक नीती यांचा अवमान, असा तिच्यावर आरोप होता. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी कादंबरीतले निवडक उतारे न्यायालयात वाचून दाखवले. त्यांतला एक उतारा एम्माचा. लहानशा गावातल्या डॉक्टरची ही बायको परपुरुषाला प्रथमच भेटून घरी येते आणि आरशापुढे उभी राहते. आपला चेहरा बदललेला पाहून ती चकित होते. ज्या सुखाची आशा सोडली होती ते आता आपले होणार, या कल्पनेने हरखून जाते. पिनार यांच्या मते प्रत्यक्ष पतनापेक्षा त्या पतनाचे हे कौतुक अधिक घातक होते. या बाईला दोषी ठरवू शकेल असे एकही माणूस या पुस्तकात नाही, अशीही त्यांची तक्रार होती.

हे कौतुक नेमके कोणाचे? वाक्ये तृतीयपुरुषी, म्हणजे निवेदकाची. त्यांतला आनंद मात्र एम्माचा. ‘असे तिला वाटले’ हे शब्द प्रत्येक वाक्याला जोडलेले नाहीत आणि ‘पण ती चुकत होती’ असेही निवेदक कुठे म्हणत नाही. बोलतो एक आणि पाहते दुसरे कुणी, अशी ही रचना आहे. हा भेद जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये नीट मांडला आणि त्याला ‘फोकलायझेशन’ हे नाव रूढ केले. कथा कोण सांगतो आणि ती कोणाच्या जाणिवेतून दिसते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्याचे म्हणणे. निवेदकाला कधी सगळ्यांच्या मनातले ठाऊक असते, कधी तो एकाच पात्राच्या मनापुरते सांगतो, तर कधी कोणाच्याच मनात शिरत नाही, फक्त बाहेरून दिसेल तेवढेच सांगतो.

मराठी वाचकाला दृष्टिकोन बदलणारी कादंबरी नवी नाही. ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात, ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. पण तिथे प्रत्येक जण ‘मी’ म्हणून समोर येतो. आता कुंती बोलते आहे, हे आपल्याला ठाऊक असते आणि तिच्या बोलण्याचे वजन आपण त्या हिशेबाने करतो. तृतीयपुरुषी कादंबरीत अशी पाटी नसते. आवाज तोच राहतो, डोळे बदलतात. बदल ध्यानात येत नाही म्हणून आपण सावधही राहत नाही.

‘मादाम बोव्हारी’चे तीन भाग आहेत आणि प्रकरणे पस्तीस. पुस्तकाला नाव एम्माचे, पण ती पहिल्या प्रकरणात नाही. ते सुरू होते शाळेच्या वर्गात. शार्ल नावाचा बुजरा मुलगा विचित्र टोपी घेऊन वर्गात येतो आणि सगळा वर्ग त्याला हसतो. सांगणारा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, म्हणजे तो हसणाऱ्या मुलांपैकीच एक. थोड्याच पानांत हा ‘आम्ही’ नाहीसा होतो, तो पुढे परतत नाही. आपण शार्लला आधी त्याला हसणाऱ्या गर्दीतून पाहिलेले असते, मग त्याच्या जवळ जातो.

पुढची तीन-चार प्रकरणे मुख्यतः शार्लच्या डोळ्यांनी चालतात. डॉक्टर झालेला शार्ल एका शेतकऱ्याचा मोडलेला पाय बसवायला जातो आणि तिथे त्याची मुलगी एम्मा त्याच्या नजरेस पडते. तिची पांढरी नखे, शिवताना सुई टोचली की बोट तोंडात घालण्याची लकब, बर्फ वितळत असताना उघडलेली तिची रेशमी छत्री आणि त्या छत्रीवर टपटपणारे थेंब, हे सगळे आपल्याला दिसते. तिच्या मनात काय चालले आहे, ते मात्र जवळजवळ कळत नाही. तिने या माणसाला होकार का दिला, हेही त्या वेळी आतून दाखवलेले नाही. शार्लला ते ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

पाचव्या प्रकरणात नवविवाहित शार्ल सकाळी उशीवर डोके टेकून शेजारच्या एम्माकडे पाहत असतो. तिच्या गालावरच्या लवेतून ऊन चमकते, डोळ्यांचे रंग उजेडागणिक बदलतात. त्याला आणखी काही नको असते. या प्रकरणाच्या अगदी शेवटी कादंबरी पहिल्यांदा एम्माच्या मनात ठामपणे शिरते. लग्नाआधी जे प्रेम वाटत होते त्याचे सुख अजून का येत नाही, असा प्रश्न तिला पडलेला असतो. सहावे प्रकरण तिच्या कॉन्व्हेंटमधल्या दिवसांत आणि चोरून वाचलेल्या कादंबऱ्यांत जाते. सातव्यात आपण पुन्हा त्याच घरात येतो, पण आता डोळे तिचे असतात. शार्लला सुती टोपीची जुनी सवय, त्यामुळे झोपताना बांधलेला रुमाल डोक्यावर टिकत नाही, सकाळी त्याचे विस्कटलेले केस तोंडावर आलेले असतात आणि उशीतली पिसे त्यांत अडकलेली असतात. त्याच्या बोलण्यात नवे काही नसते, पायांत कायम जाडजूड बूट.

बिछाना तोच, उशी तीच, सकाळही तीच. पाचव्या प्रकरणात त्या उशीवरून पाहणारा माणूस तृप्त होता, सातव्यात त्याच उशीमुळे तो गबाळा दिसतो. दोन्ही वर्णने खरी आहेत, निवेदक कोणतेच खोडून काढत नाही. आणि इथे क्रमाला फार महत्त्व आहे. कादंबरी एम्मापासून सुरू झाली असती, तर शार्ल आपल्या लेखी केवळ एक रटाळ नवरा ठरला असता. तिचा कंटाळा आपल्याला पटतो, पण हा माणूस किती सुखात आहे हे आपण आधी पाहिलेले असल्यामुळे तिच्या प्रत्येक तुच्छतेत आपल्याला त्याचेही दुखणे जाणवत राहते. तिला ते जाणवत नाही.

एखादे वाक्य कोणाच्या नजरेतले आहे हे ओळखण्यासाठी रोलाँ बार्थ यांनी १९६६ मध्ये सोपी कसोटी सुचवली होती. ‘ती’च्या जागी ‘मी’ घालून वाक्य वाचायचे. ‘ती खिडकीशी उभी होती. संध्याकाळ संपता संपत नव्हती.’ इथे ‘मी खिडकीशी उभी होते’ म्हटले तरी काही बिघडत नाही, म्हणजे नजर तिची. आता हे पाहा: ‘खिडकीशी उभी असलेली ती कुणाची तरी वाट पाहत असावी.’ इथे ‘मी वाट पाहत असावी’ म्हणता येत नाही, म्हणजे पाहणारा बाहेर उभा आहे. ही कसोटी प्रत्येक वाक्याला लागू पडत नाही. फ्लोबेरही एकाच प्रकरणात नजर अधूनमधून हलवतात आणि मध्येच स्वतः वरून पाहतात. पण सगळे प्रकरण कोणाकडे झुकले आहे, ते या कसोटीने बहुतेक वेळा कळते.

ज्याच्या मनात आपण अधिक वेळ राहतो त्याच्याबद्दल अधिक माया वाटते, असा एक सरधोपट समज आहे. तो नेहमी खरा नसतो. दुसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात एम्माची छोटी मुलगी बेर्त तिच्याजवळ येऊन घोटाळते. एम्मा वैतागून तिला कोपराने ढकलते, मुलगी पडते आणि कपाटाच्या पितळी कडेवर तिचा गाल कापतो. शार्ल आल्यावर, खेळताना पडली, असे एम्मा सांगते. नंतर झोपलेल्या मुलीशेजारी बसून ती मनाशी म्हणते, ही मुलगी किती कुरूप आहे! इथे आपण पूर्णपणे एम्माच्या मनात आहोत आणि नेमक्या त्याच कारणाने दचकतो. निवेदकाने ‘निर्दयी आई’ म्हटले असते, तर आपण कदाचित तिची बाजू घ्यायला धावलो असतो. तो गप्प राहतो, म्हणून निवाडा आपल्याला करावा लागतो. माणूस आतून पाहिला की समजतो, माफ होतोच असे नाही.

शेवटाकडे फ्लोबेर पुन्हा डोळे बदलतात. एम्मा आर्सेनिक खाऊन मरते, तरी कादंबरी तिथे संपत नाही. आणखी तीन प्रकरणे आहेत आणि त्यांचा भार पुन्हा शार्लवर आहे. कर्जात बुडालेल्या शार्लला बायकोला आलेली पत्रे सापडतात. एक दिवस बाजारात तिचा पहिला प्रियकर रोदोल्फ त्याला भेटतो. तुमच्यावर माझा राग नाही, दोष नशिबाचा, असे शार्ल त्याला सांगतो. आणि इथे क्षणभर आपल्याला रोदोल्फचे मन दिसते. त्याला हे बोलणे हास्यास्पद, काहीसे हीनच वाटते. एका वाक्यापुरती ही नजर मिळते आणि तेवढ्यात रोदोल्फ आपल्या मनातून कायमचा उतरतो. ज्या शार्लला पहिल्या प्रकरणात वर्ग हसला होता, त्याला आता हसणे आपल्याला शक्य होत नाही. दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर तो मरून पडलेला सापडतो, हातात तिच्या केसांची बट असते. बेर्त पुढे सूतगिरणीत कामाला जाते. तिच्या नजरेने एकही प्रकरण आपल्याला मिळत नाही.

पिनार यांची एक गोष्ट बरोबर होती. एम्माला दोषी ठरवणारा कोणी या पुस्तकात नाही. त्यांनी याला नीतीचा अभाव मानले. प्रत्यक्षात ते काम फ्लोबेर यांनी वाचकाकडे सोपवले होते. शार्ल, एम्मा आणि पुन्हा शार्ल या क्रमाने त्यांनी वाचकाला साक्षीपुरावा दिला, निकालपत्र दिले नाही. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी न्यायालयाने फ्लोबेर यांची निर्दोष सुटका केली, मात्र पुस्तकाच्या रंगेल वास्तवदर्शनावर नापसंतीही नोंदवली.

म्हणून पुढची तृतीयपुरुषी कादंबरी हाती घ्याल तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दोन गोष्टी तपासा. आता आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत, आणि या प्रसंगात हजर असूनही कोणाचे डोळे आपल्याला दिलेले नाहीत? एखाद्या पात्राचा मनापासून राग येईल, तेव्हा दुसरा प्रश्न आधी विचारा. तो राग तुमचा आहे की लेखकाने निवडलेल्या नजरेचा, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.