रजिस्टरवर नाव नाही, म्हणून दादही नाही?

सुरतच्या लिंबायतमधल्या खानदेशी घरांत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये दोन-तीन महिन्यांसाठी ‘ट्रेनिंग’ला जाते, हे आता नवीन राहिलेलं नाही. टॅलीत नोंदी करायच्या, चलनं लावायची, पार्सलचा हिशेब बघायचा, आणि शेवटी शेठच्या सहीचं सर्टिफिकेट घ्यायचं. पगार बहुधा नाहीच, असला तर गाडीभाड्यापुरता. अशा मुलीला ऑफिसात कुणी नको ते बोललं, नको तिथे हात लावला किंवा रात्री मेसेज पाठवू लागलं, तर घरात, मैत्रिणींत आणि कधी कधी कॉलेजच्या स्टाफरूममध्येही एकच उत्तर मिळतं : तू काही तिथली कामाला नाहीस, तुझं कोण ऐकणार?

हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज आहे, आणि तो निव्वळ चूक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ‘कर्मचारी’ कुणाला म्हणायचं ते स्वतःच सांगतो. त्यात कायम, हंगामी, रोजंदारीवरचे लोक तर आहेतच, पण ट्रेनी आणि अप्रेंटिस असे शब्दही नावानिशी आहेत. काम पगारावर असो वा बिनपगारी, स्वेच्छेने असो वा कंत्राटदारामार्फत, फरक पडत नाही. इंटर्न हा शब्द नसला तरी ‘अशा कुठल्याही नावाने ओळखली जाणारी व्यक्ती’ असं लिहून पळवाट बंद केली आहे.

गैरसमज एवढा खोलवर का रुजला, याचं एक कारण दिल्लीतही सापडतं. २०१३ च्या अखेरीस कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांविरुद्ध इंटर्नशिपच्या काळातल्या वर्तनाची तक्रार जाहीर केली. न्यायालयाने तीन न्यायाधीशांची समिती नेमली, विद्यार्थिनीचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि शेवटी ठरवलं की, ती न्यायालयाच्या पटावरची इंटर्न नव्हती आणि न्यायाधीशही घटनेच्या वेळी निवृत्त झालेले होते, म्हणून न्यायालयाने पुढे काही करायचं कारण नाही. त्यानंतर काही दिवसांतच, ९ डिसेंबर २०१३ रोजी, नवा कायदा लागू झाला. ‘पटावर नाही’ हे उत्तर आज कुठल्याही शेठने दिलं तर ते टिकणार नाही.

दुसरा गैरसमज जरा शहाण्या माणसांचा असतो. ‘दहापेक्षा कमी माणसं असतील तर कायदा लागू नाही.’ अर्धवट माहितीचा हा नमुना आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर मालकाने ऑफिसात अंतर्गत समिती नेमायची असते, न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही समिती जिल्हा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली असते. म्हणजे कापड मार्केटमधल्या सहा माणसांच्या गाळ्यालाही समिती आहे, फक्त ती गाळ्यात बसत नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एक उदाहरण घेऊन बघू. समजा, लिंबायतची एक मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आढतीच्या सहा जणांच्या ऑफिसात जाते. त्रास देणारा स्वतः शेठ. शेवटची घटना १२ जानेवारीची. अशा वेळी मुदत तीन महिन्यांची, आणि प्रकार वारंवार झाला असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजायची. म्हणजे १२ एप्रिलच्या आत तक्रार द्यायला हवी. परीक्षा, आजारपण, धमकी अशा कारणाने उशीर झाला तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ती कारणं समितीने लेखी नोंदवावी लागतात. वर्षभर वाट बघून मग धाडस केलं तर या दारातून आत जाणं अवघड होतं.

तक्रार लेखी द्यायची. सोबत मेसेजच्या प्रिंट, साक्षीदारांची नावं-पत्ते, आणि या सगळ्याच्या सहा प्रती. सहा हा आकडा नियमातला आहे. झेरॉक्सचे वीस-तीस रुपये वाचवायला एकच प्रत घेऊन गेलं की फेरी वाढते. तक्रारीत विशेषणं नकोत, तारखा हव्यात : कुठल्या दिवशी, किती वाजता, गाळ्यात की गाडीत, नेमके कोणते शब्द, बाजूला कोण होतं. ‘ते फार वाईट माणूस आहेत’ या वाक्याचा समितीला उपयोग शून्य. ‘दुपारी तीनच्या सुमारास हिशेबनीस बँकेत गेले असताना’ या वाक्याचा मोठा. लिहिता येत नसेल, गुजराती अर्जाची भीती वाटत असेल, तर समितीने लिहायला मदत करणं कायद्याने बंधनकारक आहे.

अर्ज सुरतच्या अठवालाइन्समधल्या कलेक्टर कचेरीत स्थानिक समितीच्या नावाने द्यायचा, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर तीन महिन्यांच्या आत दिला हे सिद्ध करायला हातात काही राहत नाही. जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या shebox.wcd.gov.in या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते, मात्र पोर्टल स्वतः निकाल देत नाही, ते तक्रार संबंधित समितीकडे पोचवतं.

पुढचं चक्र असं फिरतं. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत शेठला जाते, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, ही गोष्ट मुलीच्या बाजूची आहे, कारण नाहीतर मोठा वकील शेठच्याच बाजूला बसला असता. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यायचा, आणि त्यावर साठ दिवसांत कारवाई व्हायची. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील. कागदावर हे नीट दिसतं, प्रत्यक्षात रखडतं. अनेक ठिकाणी जिल्हा अधिकारी नेमलेले नाहीत की समित्या नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या नेमणुकांसाठी तारखा घालून दिल्या.

ज्या खटल्यात हे आदेश आले तो गोव्यातला आहे, आणि त्यात तक्रारदारांसाठी एक न पटणारा पण कामाचा धडा आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने सुनावण्या घाईघाईने, एकापाठोपाठ एक उरकल्या आणि त्याला दोषी धरलं. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी रद्द केली, कारण त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नव्हती, आणि प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं. चौदा वर्षांनी मुली पुन्हा पहिल्या पायरीवर. तेव्हा समितीने समोरच्याला मुदत दिली की ‘ती त्याला सामील आहे’ असं लगेच म्हणू नये. रीतसर मुदत दिली तरच निकाल वर टिकतो.

आता सर्टिफिकेटचा मुद्दा. ‘कागद हातमा येऊ दे, मंग बोल,’ असं आई सांगते आणि ती काही चुकीचं वागत नसते, तिला पदवी अडेल ही भीती असते. पण यावर दोन उपाय आहेत आणि ते फारसे कुणाला माहीत नाहीत. समिती चौकशीच्या काळात, मुलीच्या लेखी विनंतीवरून, त्या माणसाला तिच्या कामाचा अहवाल लिहिण्यापासून रोखण्याची शिफारस करू शकते. ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा असाही अंतरिम दिलासा मागता येतो. मागितला तरच मिळतो, हे लक्षात ठेवावं.

दुसरा उपाय कॉलेजचा. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत ‘कॅम्पस’ म्हणजे फक्त फाटकाच्या आतली जागा नाही. विद्यार्थी म्हणून जिथे जावं लागतं ती ठिकाणं त्यात येतात आणि इंटर्नशिपचा उल्लेख स्पष्ट आहे. ‘ते बाहेरचं प्रकरण आहे’ असं म्हणून प्राचार्यांना हात झटकता येत नाहीत. वीर नर्मद विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजची तक्रार समिती शेठला शिक्षा देऊ शकणार नाही, हे खरं. पण इंटर्नशिपची जागा बदलून देणं, गुण अडू न देणं, स्थानिक समितीकडे अर्ज देताना सोबत उभं राहणं एवढं कॉलेज नक्की करू शकतं. याच नियमांत मुलग्यांनाही जागा आहे, २०१३ चा कायदा मात्र फक्त महिलांच्या तक्रारींसाठी आहे.

‘पुरावा नसेल तर उलट तिच्यावरच केस होते’ ही आणखी एक धमकी बाजारात फिरते. कायद्यात खोट्या तक्रारीचं कलम आहे, पण तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी असणं नव्हे, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. दुष्ट हेतू होता हे चौकशी करून ठरवावं लागतं. बंद खोलीतल्या वागण्याला साक्षीदार नसतो, हे समितीलाही कळतं. त्याच दिवशी मैत्रिणीला केलेला फोन, मेसेज, त्यानंतर अचानक कामावर जाणं बंद करणं, यालाही वजन असतं. मेसेज डिलीट करू नयेत, आणि नाव-फोटोसह व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकू नयेत, कारण तक्रारीचा तपशील जाहीर करायला कायद्यानेच मनाई आहे.

लिंबायतमध्ये एक रस्ता सगळ्यांच्या आधी सुचतो, तो म्हणजे समाजातली चार माणसं बसवून मांडवली करायची. कायद्यात समेट आहे, पण तो मुलीने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैसे देऊन-घेऊन नाही. ‘एवढे घे आणि विसर’ ही मांडवली कायद्याच्या दृष्टीने समेटच नाही. अंगावर हात टाकला असेल, पाठलाग होत असेल, तर पोलिसांचा मार्ग वेगळा आणि समितीचा वेगळा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. घाबरून रस्त्यात उभी असेल तर गुजरातचा १८१ अभयम हा नंबर किंवा ११२. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करायचा.

मुलग्यांचा त्रास बऱ्याचदा वेगळ्या जातीचा असतो. पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलमध्ये आयटीआयचा पोरगा अप्रेंटिस म्हणून लागतो, आणि त्याला दोन पाळ्या ओढायला लावतात किंवा हातमोज्यांशिवाय रसायनाच्या ड्रमशी उभं करतात. ‘अप्रेंटिस म्हणजे कामगार नाही’ हे वाक्य तिथे ऐकवलं जातं. वाक्य खरं आहे, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा. १९६१ चा अप्रेंटिस कायदा त्याला प्रशिक्षणार्थी म्हणतो आणि तरीही आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदी, अपघाताची भरपाई त्याला कामगारासारखीच लागू करतो. अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. करारावरून वाद झाला तर तो याच अ‍ॅडव्हायझरकडे न्यायचा, त्याच्या निर्णयावर तीस दिवसांत अपील आहे. मशीनवर गार्ड नाही, धूर कोंडतो अशा गोष्टींसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याच्या कार्यालयात अर्ज द्यायचा.

पण त्याआधी एक गोष्ट पडताळावी. करार apprenticeshipindia.gov.in वर नोंदलेला आहे का, त्याचा नंबर आपल्याकडे आहे का? नोंदणी नाही एवढ्यावरून तो आपोआप कामगार ठरत नाही, पण मिलवाल्याचं ‘अप्रेंटिस आहे’ हे म्हणणं कमकुवत होतं. रोज पाळी भरणारा, उत्पादनात हात असलेला पोरगा मग कामगार म्हणून श्रम आयुक्तांच्या कचेरीत मजुरीचाही दावा लावून बघू शकतो, आणि त्यासाठी हजेरीच्या पंचिंगचे फोटो त्याने पहिल्या आठवड्यापासून मोबाइलमध्ये जपून ठेवलेले बरे.