सर, शिफारसपत्र द्याल का?

दिवाळीच्या आसपास इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या मेलबॉक्समध्ये एका ठरावीक साच्याचा मजकूर यायला लागतो : 'सर, मला एमएससाठी एलओआर हवे आहे. डेडलाइन परवा आहे. प्लीज लवकर करा.' खाली फक्त नाव. कोणती बॅच, कोणता विषय, कोणते विद्यापीठ, काहीच नाही. सरांच्या हाताखालून दरवर्षी शंभरेक मुले जातात. चेहरा आठवला तरी त्या चेहऱ्याबद्दल पानभर लिहिता येईल इतके आठवत नाही. मग 'मेहनती, प्रामाणिक, हुशार' असे लिहून ते मोकळे होतात, आणि अशा पत्राचा निवड समितीला काही उपयोग नसतो. गुण मार्कलिस्टवर असतातच. हा विद्यार्थी अडचणीत कसा वागतो, चुकलेला प्रयोग पुन्हा करतो की झाकतो, हे तिथे दिसत नाही आणि समितीला नेमके तेच हवे असते. ते सांगू शकतो तो जवळून काम पाहिलेला शिक्षक, मग त्याचे पद लहान का असेना. प्राचार्यांच्या सहीचे पण ओळखीविना लिहिलेले पत्र त्यापुढे फिके पडते.

म्हणून पत्र मागणाऱ्या मेलचे खरे काम सरांना लिहिण्याजोगा माल पुरवणे हे आहे. समजा, २०२२ साली सिव्हिल इंजिनिअर झालेली, तीन वर्षे नोकरी केलेली एक मुलगी आता अमेरिकेतल्या एमएससाठी अर्ज करते आहे. तिचा मेल साधारण असा असावा :

विषय : शिफारसपत्रासाठी विनंती – सिव्हिल २०२२, क्रश सँड प्रोजेक्ट – पहिली मुदत १ डिसेंबर

आदरणीय सर,

सादर नमस्कार. मी २०२२ च्या सिव्हिल बॅचची विद्यार्थिनी. तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवलेत आणि नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरण्याचा आमचा चौघांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्याच मार्गदर्शनाखाली झाला. सध्या मी पुण्यात एका बांधकाम कंपनीत क्वालिटी कंट्रोलचे काम करते.

पुढच्या ऑगस्टपासून बांधकाम साहित्य या विषयात एमएस करण्यासाठी मी अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत अर्ज करते आहे. लॅबमधले माझे काम आपण जवळून पाहिले आहे. त्याबद्दल आपण शिफारसपत्र द्याल का?

आठवणीसाठी एक प्रसंग लिहिते. मिक्स एकच असूनही सोमवारी आणि गुरुवारी ओतलेल्या क्यूबचे सात दिवसांचे निकाल जुळत नव्हते. गुरुवारचे बरेच कमी होते. सरासरी काढून पुढे जावे असे आमचे ठरत होते. आपण वाळूतली ओल तपासायला सांगितलीत. बुधवारी रात्रीच्या पावसात ढीग भिजला होता आणि ते पाणी आम्ही हिशेबात धरले नव्हते. ती बॅच मी दुरुस्ती करून पुन्हा ओतली. पुढे प्रत्येक वेळी ओल मोजून नोंदवलेली वही रिपोर्टच्या शेवटी जोडली आहे.

सोबत बायोडेटा, मार्कलिस्ट, एसओपीचा मसुदा, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि एका पानावर पाचही विद्यापीठांची नावे, अभ्यासक्रम व मुदती जोडल्या आहेत. शेवटची मुदत १५ जानेवारी आहे. आपला होकार आल्यावरच मी अर्जात आपले नाव भरेन. मग प्रत्येक विद्यापीठाकडून आपल्याला वेगळी लिंक येईल. कॉलेजच्या मेलपैकी आपण रोज उघडता तो पत्ता कृपया कळवा. पत्र पाहण्याचा हक्क मी अर्जात सोडणार आहे.

परीक्षेच्या कामामुळे जमणार नसेल तर निःसंकोच सांगा. २० ऑक्टोबरपर्यंत कळले तर मला दुसरीकडे विचारता येईल. आपल्या सोयीने भेटायलाही येईन.

आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव, रोल नंबर, मोबाइल)

या मेलचा जीव वाळूच्या परिच्छेदात आहे. तिने स्वतःला मेहनती म्हटलेले नाही. काय घडले तेवढे सांगितले आहे, चुकीसकट. ती चूक लपवायची गरज नाही, उलट तिच्यामुळेच सरांना खात्रीने लिहिण्यासारखे काही मिळते. प्रसंग त्याच सरांसमोर घडलेला हवा. नोकरीतला पराक्रम इथे सांगून फायदा नाही, कारण सरांनी तो पाहिलेला नाही. त्याबद्दल तिथल्या साहेबांनी लिहावे.

वेळेचे गणित जरा अवघड आहे. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासक्रमांच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीपर्यंत असतात, आणि त्याच सुमारास आपल्याकडे हिवाळी परीक्षा व पेपरतपासणी चालू असते. त्यात दिवाळीची सुट्टी. म्हणून ऑक्टोबरच्या पूर्वार्धात विचारलेले बरे, म्हणजे सरांना सहा-सात आठवडे मिळतात. नकाराची वाट मेलमध्येच मोकळी ठेवणे हे शिष्टाचारापेक्षा हिशेबाचे आहे : नाइलाजाने लिहिलेल्या कोमट पत्रापेक्षा वेळेत आलेला नकार कितीतरी चांगला.

लिंकचे प्रकरण बहुतेकांना उशिरा कळते. अर्जात सरांचा पत्ता भरला की विद्यापीठाची यंत्रणा त्यांना आपोआप मेल पाठवते, आणि तो बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. विद्यापीठांना संस्थेचा अधिकृत पत्ता हवा असतो, तर आपल्याकडचे कित्येक प्राध्यापक रोज जीमेलच वापरतात. म्हणून पत्ता आधी विचारायचा आणि लिंक पाठवल्या दिवशी सरांना तसा निरोप द्यायचा. लिंक उघडली की पत्राखेरीज बऱ्याचदा एक फॉर्मही येतो : विद्यार्थ्याला किती वर्षे ओळखता, कोणत्या नात्याने, आणि आजवर शिकवलेल्यांत तो वरच्या ५ टक्क्यांत बसतो की १० की २५. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्या मेलमध्ये तयार आहेत. तिसरे सरांनीच ठरवायचे.

हक्क सोडण्याच्या वाक्यावर अनेक जण अडखळतात. अमेरिकेच्या १९७४ च्या एका कायद्यानुसार प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहता येतात आणि शिफारसपत्रही त्यात येऊ शकते. अर्जात हा हक्क सोडता का, असे विचारलेले असते. सोडलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण विद्यार्थी वाचणार नाही हे ठाऊक असलेले पत्र समितीला जास्त मोकळे वाटते. म्हणून बहुतेक जण सोडतात.

आणि तरीही पुष्कळदा सरांचे उत्तर येते : 'तूच लिहून आण, मी सही करतो.' आपल्याकडे ही रीत इतकी रुळली आहे की त्यात काही गैर आहे असे कुणालाच वाटत नाही. पण तीन सरांची तीन पत्रे एकाच हाताने लिहिली की शब्द, वाक्यांची ठेवण, कौतुकाचा क्रमसुद्धा सारखा होतो, आणि दरवर्षी शेकडो पत्रे वाचणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते. मग पत्रेच नव्हे, अख्खा अर्ज संशयात येतो. अशा वेळी सरांशी वाद न घालता म्हणावे, 'सर, मी मुद्दे लिहून आणते, पत्र आपल्या शब्दांत होऊ द्या,' आणि वाळूच्या प्रसंगासारखे तीन-चार प्रसंग तारखा व आकड्यांसह एका पानावर द्यावेत. एवढे हातात आले की लिहायला बसणे सरांनाही जड जात नाही.

आठवण दोनदाच करावी : मुदतीच्या दोन आठवडे आधी एकदा, आणि चार-पाच दिवस आधी अजून पत्र पोचलेले नसेल तर फोनवर. पत्र जमा झाले की नाही हे विद्यार्थ्याला अर्जाच्या पोर्टलवर दिसते, त्यामुळे 'सर, पाठवलेत का?' असे विचारण्याआधी तिथे पाहावे. १ डिसेंबरची मध्यरात्र तिथली असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ती होईपर्यंत आपल्याकडे २ तारखेचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्या उरलेल्या तासांवर भरवसा न ठेवता सरांना मुदत सांगताना २५ नोव्हेंबर सांगावी. प्रवेशाचे निकाल आले, की लागला असो वा नसो, सरांना कळवावे. पुढे स्कॉलरशिपसाठी किंवा पुढल्या वर्षीच्या अर्जासाठी त्याच सरांकडे पुन्हा जावे लागू शकते आणि तेव्हा वाळूची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही.