काडीवरचे आकडे खरे बोलतात का?

गॉगलच्या कुठल्याही स्टॉलवर एक आकार हमखास दिसतो. जाड काळी फ्रेम, वरच्या कोपऱ्यांना किंचित बाहेर झेपावलेली, आणि काड्यांवर तिरक्या अक्षरांत नाव. हा रे-बॅनचा ‘वेफेरर’. बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीने तो १९५२ च्या सुमारास आणला. १९९९ मध्ये रे-बॅनचा सगळा व्यवसाय लक्सोटिका या इटालियन कंपनीने विकत घेतला. आज त्याची ‘फर्स्ट कॉपी’ मूळ किमतीच्या किरकोळ भागात मिळते आणि कधी कधी तीच पुऱ्या किमतीला ओरिजिनल म्हणून गळ्यात मारली जाते.

अशा वेळी बहुतेक जण काचेवर नाव आहे का, काडीवर शिक्का आहे का, एवढंच पाहतात. पण नाव आणि शिक्का उमटवणं नकली माल करणाऱ्यालाही सहज जमतं. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इथे जे लिहिलंय, ते या वस्तूला लागू पडतं का?

सुरुवात काडीपासून करू. मूळ वेफेररच्या एका काडीच्या आतल्या बाजूला साधारण असा मजकूर असतो: ‘आरबी २१४०’, मग ‘९०१’, मग ‘५०’ आणि ‘२२’ आणि त्यांच्यामध्ये एक छोटा चौकोन. २१४० हा मॉडेलचा क्रमांक, ९०१ म्हणजे काळा रंग. ५० ही एका काचेची आडवी रुंदी मिलिमीटरमध्ये आणि २२ हे दोन काचांमधलं, नाकावरचं अंतर. नव्या जोड्यांवर पुढे १५० हा आकडाही दिसतो. ती काडीची लांबी, बिजागरीपासून कानामागच्या टोकापर्यंत वळणासकट मोजलेली. हा फक्त रे-बॅनचा रिवाज नाही. तुमच्या नंबरच्या चष्म्याची काडी उलटून पाहा. तिथेही असेच तीन आकडे सापडतील.

आता शाळेची मोजपट्टी घ्या. काच जिथे सर्वांत रुंद आहे तिथे आडवं मोजा, मग नाकावरचं अंतर, मग काडी. घरी मोजताना मिलिमीटरभराचा फरक पडतो, तो सोडून द्या. पण काडीवर ५० आणि प्रत्यक्षात ५४ भरत असेल, तर ती छपाई दुसऱ्याच कुठल्या फ्रेमवरून उचललेली आहे.

आकड्यांइतकाच आकारही बोलतो. रे-बॅनचा ‘न्यू वेफेरर’ हे वेगळं मॉडेल आहे, क्रमांक २१३२. तो लहान आहे, कोपरे मऊ आहेत आणि समोरचा भाग सरळ उभा आहे. जुन्या २१४० चा समोरचा भाग मात्र स्पष्ट कललेला असतो. वरची कड पुढे, खालची कड गालाकडे. नकली गॉगलमध्ये बऱ्याचदा हीच गफलत होते. काडीवर प्रसिद्ध असलेला २१४० आणि फ्रेम मात्र २१३२ सारखी सरळ. अशी जोडी हाती आली तर पुढचं काही तपासायची गरज उरत नाही.

काचेवर दोन खुणा असतात. एक म्हणजे वरच्या कोपऱ्यातला पांढरा ‘रे-बॅन’ लोगो. दुसरी खूण दुसऱ्या काचेवर, बिजागरीच्या बाजूच्या कडेला: ‘आरबी’ ही दोन इवलीशी इंग्रजी अक्षरं. ती रंगवलेली नसून काचेत कोरलेली असतात. समोरून पाहिलं तर दिसतही नाहीत. गॉगल तिरका धरून उजेड काचेवरून सरकू दिला की चमकतात. नखाने हलकेच चाचपलं तर बारीक खरखर लागते. नकली काचेवर तीच अक्षरं छापलेली असतात, नाहीतर जाड आणि ओबडधोबड खरवडलेली असतात. जुना माल घेणाऱ्यांनी इथे सालही लक्षात ठेवावं. बॉश अँड लॉम्बच्या शेवटच्या काही दशकांत काचेवर ‘बीएल’ कोरलेलं असे. तेव्हा काडीवर जुन्या कंपनीचं नाव आणि काचेवर ‘आरबी’ असेल, तर निदान काचा तरी नंतर बसवलेल्या आहेत.

लोगोशेजारी ‘पी’ हे अक्षर असेल तर काच पोलराइज्ड असल्याचा तो दावा आहे, आणि तो मिनिटभरात तपासता येतो. लॅपटॉपचा पडदा चालू करून गॉगलमधून पाहा आणि गॉगल हळूहळू फिरवा. बहुतेक पडदे एखाद्या कोनात जवळजवळ काळे पडतात. पूर्ण फेरीत काहीच बदल झाला नाही तर आणखी एका पडद्यावर पाहा. तिथेही तसंच झालं, तर ‘पी’ नुसता छापलेला आहे.

बिजागरीची नक्कल मात्र छपाईने होत नाही, तिथे खर्च करावा लागतो. २१४० ची फ्रेम ॲसिटेटच्या जाड पत्र्यातून कापून, घासून केलेली असते. तिची बिजागरी धातूची असते, एकमेकांत अडकणाऱ्या सात दातांची, आणि तिचा पाया ॲसिटेटमध्ये पक्का रुतवलेला असतो. काडी उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच ताण जाणवतो. स्वस्त नकलेत फ्रेम साच्यात ओतलेली असते; नाकाच्या आतल्या बाजूला किंवा काडीच्या कडेला बोट फिरवलं की साच्याची शीर लागते. बिजागरीला दोन-तीनच दात, भोवती गोंदाची कड, आणि उघडलेली काडी वर-खाली हलवली की खुळखुळते. सात दातांची अट मात्र २१४० पुरतीच धरा. रे-बॅनच्या इतर अस्सल मॉडेलांत साधी बिजागरीही असते आणि साच्यातल्या फ्रेमाही असतात.

खऱ्याला खोटं ठरवण्याची चूकही सहज होते. ऑप्टिशियनने त्याच फ्रेममध्ये नंबरच्या काचा बसवल्या की कोरलेली अक्षरं जुन्या काचांबरोबर जातात. फ्रेम तरीही अस्सलच राहते. ‘मेड इन इटली’ नाही म्हणून नकली, हाही गैरसमज. राजस्थानातल्या भिवाडीत रे-बॅनचा कारखाना आहे आणि चीनमध्येही अस्सल माल बनतो.

आणि एक गोष्ट यातली कुठलीच खूण सांगत नाही: डोळ्यांचं रक्षण. काच किती गडद आहे हे कळतं. रे-बॅनची प्रसिद्ध हिरवट जी-१५ काच सुमारे १५ टक्के उजेड आत सोडते, म्हणून ती तिसऱ्या श्रेणीत बसते. त्या श्रेणीची मर्यादा ८ ते १८ टक्के आहे. काडीवर शेवटी दिसणारा ३ हाच. पण गडदपणा आणि अतिनील किरण अडवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते अधिकच आत शिरतात. उलट, साध्या पॉलिकार्बोनेटची स्वस्त काचही ते बऱ्यापैकी अडवते. त्यामुळे नकली म्हणजे घातक आणि महाग म्हणजे सुरक्षित असं सरसकट म्हणता येत नाही. बऱ्याच ऑप्टिशियनकडे अतिनील किरण मोजायचं छोटं यंत्र असतं. काच त्यात धरली की काही सेकंदांत उत्तर मिळतं. मोजपट्टीने फ्रेमचा खरेपणा तपासा, पण उन्हात वापरायच्या आधी काच त्या यंत्राखाली धरून घ्या, मग गॉगल पाचशेचा असो वा पंधरा हजारांचा.