६ हजारांच्या सबस्क्रिप्शनसाठी ९ हजारांचा खर्च. तरीही सॉफ्टवेअर कंपनी फायद्यात कशी?

जालना हे बियाणे आणि सळईचे शहर. येथील एखाद्या कृषी सेवा केंद्राला बिलिंग सॉफ्टवेअर विकायचे तर फक्त जाहिरात पुरत नाही. प्रतिनिधीला तीन-चार चकरा माराव्या लागतात, डीलरला कमिशन द्यावे लागते, स्टॉकच्या जुन्या नोंदी भरून द्याव्या लागतात. समजा, एक ग्राहक मिळवण्याचा हा सगळा खर्च ९,००० रुपये आणि वर्षाचे सबस्क्रिप्शन ६,००० रुपये. पहिल्या वर्षी सरळ तोटा दिसतो.

पण दुकानदार दरवर्षी नूतनीकरण करतो. पुण्याच्या क्विक हीलसारख्या अँटिव्हायरस कंपन्यांनाही मुदत संपल्यावरचे नूतनीकरण महत्त्वाचे असते. म्हणून ग्राहकाची किंमत त्याच्या पूर्ण काळावर मोजतात. यालाच कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू म्हणतात.

सेल्सवाल्यांचा हिशेब सोपा असतो: ग्राहक पाच वर्षे टिकेल, ६ गुणिले ५, म्हणजे ३० हजार. यात दोन चुका आहेत. सर्व्हर आणि फोनवरील मदतीचा १,५०० रुपयांचा खर्च वजा झालेला नाही, हातात ४,५००च राहतात. शिवाय पाच वर्षांनी येणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो.

कंपनीचा भांडवल खर्च १२ टक्के आणि दरवर्षी १०० पैकी ८० ग्राहक टिकतात असे धरू. पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच मिळतात, त्यामुळे पहिले ४,५०० पूर्ण धरायचे. पुढच्या वर्षीची रक्कम ०.८० ने गुणून १.१२ ने भागायची, ती ३,२१४ होते. त्यानंतर २,२९६, मग १,६४०. अशी उतरती मालिका शेवटपर्यंत जोडली की उत्तर येते:

४,५०० ÷ (१ − ०.८० ÷ १.१२) = १५,७५०

त्यातून ९,००० वजा केले की ६,७५० रुपये उरतात. ३० हजारांच्या स्वप्नापेक्षा बरेच कमी, पण व्यवहार फायद्याचा. मात्र गुंतवलेले पैसे तिसऱ्या हप्त्यालाच वसूल होतात. तोवर कंपनीकडे रोकड हवी.

खरी मेख ८० या आकड्यात आहे. तो ६० झाला तर वर्तमान मूल्य ९,६९२ वर येते आणि हाती ६९२ रुपये उरतात. ५० झाला तर प्रत्येक नव्या ग्राहकामागे सुमारे ८७१ रुपयांचा तोटा. म्हणजे विक्री जितकी वाढेल तितका खड्डा मोठा!

हा आकडा फुगतो कसा? अनेकदा सगळ्या ग्राहकांची एकत्र सरासरी काढली जाते. जुने, मुरलेले दुकानदार ती वर ओढतात आणि नव्यांची गळती झाकली जाते. त्यामुळे ज्या खरिपाआधी ग्राहक जोडले, त्यांची वेगळी यादी ठेवून पुढच्या खरिपाआधी त्यातल्या किती जणांनी पैसे भरले ते मोजावे लागते. पहिले वर्ष निम्म्या दरात दिलेल्यांची यादी तर आणखी वेगळी हवी. त्यांची परीक्षा पूर्ण दराचे बिल हाती पडल्यावरच होते.