रॉकर फिरवून भागत नाही

परंडा तालुक्यातल्या सोनारीचं नाव घेतलं की लोकांना आधी काळभैरवनाथ आठवतो, मग देवळाभोवतीची माकडं आणि अलीकडे साखर कारखाना. मला मात्र सोनारीच्या रस्त्यावरचं एक पत्र्याचं शेड आठवतं. तिथे मोटारी रिवाइंड करून देतात. एका दुपारी मिस्त्रींचा फोन आला, "सर, एक जुना डायनामो आलाय. रिकामा फिरवला की देवमाणूस, लोड दिला की दिवाळी."

मशीन म्हणजे दूरच्या एका कारखान्यातला एक्सायटर. पूर्वी टर्बाइनवरच्या अल्टरनेटरच्या फील्डला डीसी पुरवायला त्याच शाफ्टवर असा छोटा जनरेटर बसवत. आता नव्या सेटवर बहुधा ब्रशच नसतात, पण जुने सेट जिथे चालू आहेत तिथे हे म्हातारे अजून राबतात. हा 220 व्होल्टचा, 10 किलोवॅटचा, चार पोलचा शंट जनरेटर. मिस्त्रींनी तो 20 एचपीच्या मोटारीला पट्ट्याने जोडून मिनिटाला साधारण 1450 फेऱ्यांवर ठेवला होता. लोडला मिठाच्या पाण्याचं पिंप आणि त्यात सोडलेले दोन पत्रे.

आधी रिकामं फिरवलं. फील्डचं सर्किट उघडं असतानाच व्होल्टमीटरने 6 व्होल्ट दाखवले. पोलच्या लोखंडात उरलेलं हे जुनं चुंबकत्व, मशीनचं विरजणच म्हणा. फील्ड जोडताच त्या 6 व्होल्टांमुळे थोडा करंट गेला, त्याने चुंबकत्व वाढलं, त्याने व्होल्टेज वाढलं, आणि काटा चढत चढत 230 वर थांबला. तिथे लोखंड तृप्त होतं, म्हणून चढण थांबते. फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स एका मर्यादेपलीकडे गेला तर हे विरजण लागतच नाही, काटा 6-7 व्होल्टवर अडकून बसतो. इथे तसं काही नव्हतं. ब्रशखाली एक ठिणगी नाही.

मग पत्रे पाण्यात उतरवले. 20 अँपिअरला ब्रशच्या मागच्या कडेला, म्हणजे कम्युटेटरची पट्टी जिथून ब्रश सोडून पुढे जाते तिथे, निळ्या ठिणग्या सुरू झाल्या. 45 अँपिअरला चर्रर्र आवाज आणि ओझोनचा वास.

ठिणगी का पडते, हे समजायला ब्रशखालच्या एका कॉइलकडे बघावं लागतं. या आर्मेचरला चार समांतर वाटा, म्हणजे 45 अँपिअरपैकी एका कॉइलमधून साधारण 11 अँपिअर जातात. ब्रशच्या अलीकडे ते एका दिशेने आणि पलीकडे उलट दिशेने. कम्युटेटरचा व्यास 15 सेंटिमीटर, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सव्वाअकरा मीटरच्या आसपास, ब्रशची रुंदी 12 मिलिमीटर. हिशेब केला तर त्या कॉइलला करंट उलटा करायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग मिळतो. धावत्या बैलगाडीतून उतरून उलट दिशेने पळायला लावल्यासारखं ते आहे. कॉइल लोखंडात गुंडाळलेली असल्यामुळे करंट बदलायला आडमुठेपणा करते. ब्रश सुटेपर्यंत बदल पुरा झाला नाही, तर उरलेला करंट हवेतून उडी मारतो.

त्यात आर्मेचरची स्वतःची भर. त्यातून करंट वाहायला लागला की तेही चुंबक बनतं आणि मुख्य पोलांचं क्षेत्र फिरण्याच्या दिशेने ओढून वाकडं करतं. यालाच आर्मेचर रिॲक्शन म्हणतात. जिथे क्षेत्र शून्य असायला हवं ती रेघ पुढे सरकते, ब्रश मात्र जुन्या जागीच. जुन्या काळचा उपाय सरळ होता: ब्रश ज्या कड्यावर बसवलेले असतात तो रॉकर फिरण्याच्या दिशेने थोडा पुढे न्यायचा.

मिस्त्रींनी नेमकं तेच केलं होतं. 45 अँपिअरला रॉकर 5 अंश पुढे नेला की ठिणग्या बऱ्याच कमी व्हायच्या. पण लोड 10 वर आणला की पुन्हा ठिणग्या, कारण सरकलेली रेघ लोडबरोबर मागे आलेली असायची. शिवाय व्होल्टेजही जास्त पडायचं. ब्रश पुढे नेले की आर्मेचरच्या चुंबकत्वाचा एक हिस्सा थेट मुख्य पोलाच्या विरोधात उभा राहतो. या मशीनमध्ये पूर्ण लोडला आर्मेचरचे प्रत्येक पोलामागे सुमारे 675 अँपिअर-टर्न होते, त्यातले 75 त्या 5 अंशांमुळे विरोधात गेले. रॉकर मागे घेतला की व्होल्टेज थोडं सुधारतं, पण ठिणग्या वाढतात. ज्याला व्होल्टमीटरच दिसतो तो इथे फसतो.

"मिस्त्री, याला इंटरपोल आहेत ना? मग रॉकर हलवायची गरजच का पडावी?" मी विचारलं.

दोन मुख्य पोलांच्या मधोमध बसवलेले ते अरुंद पोल. त्यांच्यावर जाड तारेचे मोजके वेढे असतात आणि ते आर्मेचरबरोबर सिरीजमध्ये असतात. इथे एकेकावर 19 वेढे, म्हणजे 45 अँपिअरला साधारण 850 अँपिअर-टर्न. आर्मेचरचे 675 खोडून काढायचे आणि उरलेल्यातून कॉइलचा करंट उलटवायला धक्का द्यायचा. लोड निम्मा झाला तर हे बळही आपोआप निम्मं होतं. रॉकर कितीही कौशल्याने फिरवा, हे त्याला जमणार नाही.

याचा मोठा दाखला रेल्वेत आहे. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला 1500 व्होल्ट डीसीवर पहिली विजेची गाडी धावली. त्यानंतर घाटांत आलेल्या इंजिनांना लोक खेकडा म्हणत. उताराला त्यांच्या मोटारी जनरेटर बनून वीज परत तारेत पाठवत. मोटारीत ब्रश मागे हवे आणि जनरेटरमध्ये पुढे. घाटात कोण रॉकर फिरवत बसणार? करंट उलटला की सिरीजमधला इंटरपोलही उलटतो, म्हणून ब्रश मधोमध ठेवून काम भागतं.

आमचा एक्सायटर मात्र इंटरपोल असूनही पेटत होता. संशय एकच. जनरेटरमध्ये फिरण्याच्या दिशेने पुढे येणाऱ्या मुख्य पोलाचा जो ध्रुव, तोच इंटरपोलचा हवा. रिवाइंड करताना टोकं उलटी जोडली गेली, तर इंटरपोल आर्मेचरला खोडण्याऐवजी त्यालाच साथ देतो.

मशीन थांबवलं. आधी रॉकरची खरी जागा शोधली: फील्डला बॅटरी लावून झटकन तोडायची आणि ब्रशांमधला मिलिव्होल्टमीटर बघायचा. जिथे काटा सर्वांत कमी उडतो, तिथे रॉकर घट्ट केला. मग आर्मेचर आणि इंटरपोल सिरीजमध्ये ठेवून 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा एसी दिला आणि करंट वाचला. इंटरपोलची टोकं बदलून पुन्हा वाचला. दोघं एकमेकांना खोडत असले की अडथळा कमी होतो आणि करंट जास्त जातो. बदललेल्या जोडणीत तो ठळक जास्त निघाला. म्हणजे मूळ जोडणी उलटी होती.

पुन्हा लोड दिला. 45 अँपिअरला ब्रशखाली अंधार. व्होल्टेज 205 वर आलेलं. त्या 25 व्होल्टांचा हिशोब आम्ही लावला. आर्मेचर-इंटरपोलचा एकूण रेझिस्टन्स पाव ओहम, तिथे 11 गेले. ब्रशांवर सुमारे 2. मग फील्डला वेगळा डीसी देऊन त्याचा करंट कायम ठेवला, तर व्होल्टेज 212 वर थांबलं. म्हणजे पोलांखालचं वाकडं क्षेत्र सुमारे 5 व्होल्ट खातं. ते इंटरपोलच्या आवाक्यात नाही, मोठ्या मशीनमध्ये त्यासाठी पोलाच्या तोंडावर वेगळं वाइंडिंग घालतात. उरलेले 7 शंट फील्ड स्वतःच अशक्त झाल्यामुळे गेले.

मिस्त्रींनी रॉकर आणि बॉडीवर मिळून छिन्नीने एक रेघ मारली. "आता कोणी फिरवला तर कळेल," म्हणाले.

प्रत्येक ठिणगी इंटरपोलची नसते. रिकाम्या फिरण्यातही ठिणगी दिसली तर आधी वर आलेला माइका, सैल स्प्रिंग आणि झिजलेला ब्रश बघावा. पण लोडबरोबर वाढणारी ठिणगी असेल तर जोडणीच तपासावी. आणि जुना डीसी वेल्डिंग सेट किंवा एक्सायटर विकत घेत असाल, तर रिकामा फिरवून दाखवला म्हणून पैसे मोजू नका. पिंपात मीठ टाकायला सांगा.